रूम सोडताना भाडं, लाईट बिल आणि डिपॉझिटचा हिशोब लेखी कसा मिटवायचा

मे महिना आला की जळगाव, धुळे, भुसावळ सगळीकडे हेच चालू होतं. कुणाची परीक्षा संपते, कुणाला पुण्यात जॉब लागतो, आणि तिघांच्या रूममधला एक जण बॅग भरतो. जाणारा म्हणतो "बिल आलं की सांग भो, पाठवतो", राहणारे म्हणतात "नवीन पोरगा आला की तुझं डिपॉझिट देतो", आणि जुलैपर्यंत दोघं एकमेकांचे फोन उचलणं बंद करतात. यात बहुतेक वेळा कुणी लबाड नसतं. हिशोब चुकीच्या क्रमाने झालेला असतो, आधी माणूस जातो, मग बिल येतं, मग आकड्यावरून वाद होतो, आणि कागदावर तर काहीच नसतं.

खाली जो क्रम दिलाय तो तसाच पाळा, मधला टप्पा सोडून पुढे जाऊ नका. समजायला सोपं जावं म्हणून एकच उदाहरण शेवटपर्यंत धरतो. जळगावात टू बीएचके, भाडं महिना ९००० म्हणजे डोक्यामागे ३०००. मालकाकडे डिपॉझिट १८०००, प्रत्येकाचे ६०००. भाडेकरार तिघांपैकी एकाच्याच नावावर आहे, त्याला आपण नाववाला म्हणू. जो सोडून चाललाय तो जाणारा, उरलेला तिसरा, आणि १ जूनला येणारा नवा. आकडे उदाहरणापुरते आहेत, तुमचे तुम्ही टाका.

## टप्पा १: करारावर नाव कुणाचं आणि डिपॉझिट कुणाच्या हातात गेलं ते आधी बघा

हिशोबाची वही उघडायच्या आधी भाडेकरार उघडा. पीडीएफ नसेल तर नाववाल्याकडून किंवा मालकाकडून मागून घ्या. त्यात तीन गोष्टी शोधायच्या, करारावर कुणाकुणाची नावं आहेत, नोटीस किती दिवसांची आहे, आणि डिपॉझिटमधून काय काय कापायचं लिहिलंय. या तिसऱ्या गोष्टीकडे कुणी बघत नाही. बऱ्याच करारात सोडताना कलरचा खर्च भाडेकरूचा असं एक वाक्य कुठेतरी असतं आणि ते शेवटच्या दिवशी बाहेर येतं.

तुमचं नाव करारावर असेल तर मालकाशी तुमचं थेट नातं आहे. नसेल, आणि तुम्ही पैसे नाववाल्याला दिले असतील, तर तुमचं डिपॉझिट मागायची जागा नाववाला आहे, मालक नाही. मालक सरळ म्हणू शकतो की मी तुझ्याकडून काही घेतलंच नाही, आणि त्याचं ते म्हणणं चूकही नसतं. पोटभाडेकरू असाल तर हे आणखी नाजूक. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ प्रमाणे करारात तशी परवानगी नसेल तर भाडेकरूला परस्पर पोटभाडेकरू ठेवता येत नाही, म्हणून मालकाला माहीत नसताना राहिलेला माणूस मालकाकडे भांडायला गेला तर आधी नाववालाच अडचणीत येतो. अशा केसमध्ये सगळं लेखी नाववाल्याकडूनच घ्यायचं.

इथे थांबून तपासा: तुम्ही ६००० दिल्याचा पुरावा आहे का? यूपीआयने दिले असतील तर जुना व्यवहार शोधून त्याचा स्क्रीनशॉट आजच काढून ठेवा. रोख दिले असतील आणि पावती नसेल, तर नाववाल्याला साधा मेसेज टाका, "दादा, मी मागच्या जूनमध्ये डिपॉझिटचे ६००० दिले होते, तेच धरायचे ना?" त्याने "हो" लिहिलं की कामापुरता पुरावा झाला. हा मेसेज संबंध चांगले असतानाच टाकायचा असतो.

## टप्पा २: सोडायची तारीख लेखी कळवा, दोन तारखा वेगळ्या लिहा

चहा पिताना "मी पुढच्या महिन्यात निघतोय" सांगणं म्हणजे नोटीस नाही. ग्रुपवर मेसेज टाकायचा आणि त्यात दोन तारखा स्वतंत्र लिहायच्या. एक, भाडं कुठपर्यंत देणार. दोन, प्रत्यक्ष रूम कधी सोडणार. या दोन तारखा एकच आहेत असं धरल्यामुळे निम्मे वाद होतात.

आपल्या उदाहरणात जाणाऱ्याने ३० एप्रिलला कळवलं आणि नोटीस एक महिन्याची आहे, तर भाडं ३१ मे पर्यंत त्याचंच. तो प्रत्यक्ष २४ मेला गावी चाललाय. उरलेल्या सात दिवसांचं भाडं कापून मागायचा त्याला हक्क नाही, जागा त्याच्यासाठी अडलेली होती. पण लाईट मात्र २४ मे पर्यंतचीच त्याची, कारण त्यानंतर कूलरची हवा तो घेत नाहीये. भाडं नोटीसच्या तारखेला, लाईट निघायच्या तारखेला, एवढं धरून चाला. नवा माणूस लवकर आला आणि त्याने २५ मेपासून भाडं दिलं तर तेवढे दिवस जाणाऱ्याला परत मिळाले पाहिजेत, एका खोलीचं भाडं दोघांकडून घेऊन ठेवणं बरोबर नाही, आणि हे मी राहणाऱ्यांना मुद्दाम सांगतोय.

मेसेज असा:

> मी रूम सोडतोय. माझं भाडं ३१ मे पर्यंत. सामान घेऊन २४ मेला निघणार. २४ ला सकाळी मीटरचं रिडींग सगळ्यांनी मिळून घेऊ आणि त्याच दिवशी हिशोब लिहून सह्या करू. माझं डिपॉझिट ६००० नाववाल्याकडून येणं आहे. काही वेगळं असेल तर ५ मे पर्यंत सांगा.

शेवटचं वाक्य सोडू नका. आक्षेप घ्यायला तारीख दिली की "मला कुठे माहीत होतं" हे नंतर चालत नाही.

मालकाला नाववाल्याने कळवायचं. "काका, एक जण ३१ ला सोडतोय, त्याच्या जागी दुसरा येतोय, चालेल ना? आणि आत्ता डिपॉझिटमधून काही कापणार आहात का?" हा दुसरा प्रश्न विचारायला लोकांना जड जातं, पण कलर, तुटलेला नळ, दाराचं लॉक, जे काही असेल ते जाणारा शहरात असतानाच कळलं पाहिजे.

## टप्पा ३: मीटरचं रिडींग, बिलाची वाट बघत बसू नका

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो, म्हणून जरा सावकाश सांगतो.

महावितरणचं बिल कॅलेंडरच्या महिन्याचं नसतं. आपल्या उदाहरणात रिडींग १० तारखेला होतं. म्हणजे १० एप्रिल ते १० मेचं बिल हातात आलंय, पण १० ते २४ मेचं बिल जूनमध्ये येणार, आणि त्यात जाणाऱ्याचे चौदा दिवस आणि राहणाऱ्यांचे सतरा दिवस एकत्र झालेले असणार. त्यातून जाणाऱ्याचा वाटा नंतर कुणालाही नीट काढता येत नाही. खान्देशात तर मे मधले हे चौदा दिवस म्हणजे दिवसरात्र कूलर, त्यामुळे आकडा लहान नसतो आणि दोन्ही बाजू आपापल्या सोयीचा अंदाज सांगतात.

म्हणून निघायच्या दिवशी तिघांनी मीटरपाशी जायचं.

पहिलं, मीटर आपलाच आहे का ते बघा. अपार्टमेंटमध्ये जिन्याखाली एका बोर्डवर आठ-दहा मीटर असतात आणि त्यावर फ्लॅट नंबर खडूने लिहिलेला, तोही अर्धा पुसलेला. बिलावर मीटर क्रमांक छापलेला असतो, तो मीटरवरच्या नंबराशी जुळवा. शेजारच्या मीटरचा फोटो काढून त्यावर हिशोब केलेली मंडळी असतात, आणि ते एक महिन्याने कळतं.

दुसरं, स्क्रीनवर बरोबर आकडा येईपर्यंत थांबा. डिजिटल मीटरवर आकडे फिरत राहतात, तारीख येते, वेळ येते, जास्तीत जास्त मागणीचा छोटा आकडा येतो. आपल्याला हवा तो ज्याच्या शेजारी `kWh` दिसतं तो. `kW` नाही, `kWh`. पॉइंटनंतरचे आकडे सोडून द्या.

तिसरं, फोटोत मीटर नंबर आणि रिडींग दोन्ही आले पाहिजेत, एका फोटोत येत नसेल तर छोटा व्हिडिओ काढा. तो लगेच ग्रुपवर टाका आणि खाली आकडा टाईप करून लिहा, "२४ मे, सकाळी ९, रिडींग ४३३६". ग्रुपवर टाकला की तारीख-वेळ आपोआप लागते.

मालकाने सबमीटर बसवला असेल आणि तो युनिटला ठरलेला दर घेत असेल तर काम सोपं, सबमीटरचं रिडींग वजा मागचं रिडींग, गुणिले दर. फक्त तो दर काय ते मालकाच्या मेसेजमध्ये असू द्या.

इशारा: हातातल्या बिलावर "चालू रिडींग" खरंच घेतलेलं आहे का ते बघा. घर बंद होतं किंवा मीटर दिसला नाही तर सरासरीवर बिल येतं आणि पुढच्या वेळी सगळं एकदम निघतं. सरासरीचं बिल असेल तर ते सोडा, त्याच्या आधी खरं रिडींग झालेलं शेवटचं बिल शोधा आणि तिथून आजपर्यंतची सगळी युनिट धरा, मधे जे बिल भरलं ते वजा करा.

## टप्पा ४: युनिटचे पैसे काढा

हातातलं बिल: मागील रिडींग ३९७०, चालू रिडींग ४२१०, म्हणजे २४० युनिट, चालू बिलाची रक्कम २६४०. हे बिल अजून भरलेलं नाही. तिघांत भागिले तर प्रत्येकी ८८०.

इथे लोक एक चूक करतात. बिलाच्या खाली जी "एकूण देयक रक्कम" असते तिचेच तीन भाग करतात. त्यात मागची थकबाकी आणि व्याज असू शकतं. मागच्या महिन्यात दोघांनी आपापले पैसे दिले होते आणि एकाने भरायला उशीर केला, तर त्याचा भुर्दंड तिघांनी का सोसायचा? चालू महिन्याची रक्कम वेगळी काढा, थकबाकी ज्याची त्याच्या नावावर लिहा.

आता १० ते २४ मे. ४३३६ वजा ४२१०, म्हणजे १२६ युनिट. याला दर कुठला लावायचा? दरपत्रक घेऊन बसायची गरज नाही. हातातल्या बिलाची चालू रक्कम भागिले युनिट करा, २६४० भागिले २४०, म्हणजे ११ रुपये युनिट. यात स्थिर आकार, वहन आकार, वीज शुल्क सगळं आपोआप आलं. १२६ गुणिले ११ म्हणजे १३८६, त्याचा तिसरा भाग ४६२.

ही पद्धत कुठे फसते ते पण बघा. घरगुती वीज टप्प्याटप्प्याने महाग होते, पहिली १०० युनिट स्वस्त, मग १०१ ते ३००, मग ३०१ ते ५००, त्यापुढे आणखी महाग. त्यामुळे फेब्रुवारीत पंख्यावर निघालेलं ९० युनिटचं बिल घेऊन त्याचा दर मे महिन्याला लावला तर राहणाऱ्यांचं नुकसान होणार, कारण उन्हाळ्यातली बरीच युनिट वरच्या टप्प्यात जातात. उलट मेचं मोठं बिल घेऊन ऑगस्टला निघालेल्या माणसाला लावलं तर त्याचं नुकसान. म्हणून दर काढायला असं बिल घ्या ज्याचा वापर आत्ताच्या वापराच्या जवळपास आहे. आपल्या उदाहरणात चौदा दिवसांत १२६ म्हणजे दिवसाला ९, महिन्याला साधारण २७०, आणि मागचं बिल २४० चं, दोन्ही ३०० च्या आत एकाच टप्प्यात आहेत, त्यामुळे ११ चा दर चालतो. जवळचं बिल नसेल तर मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याच्या बिलावरची युनिट बघा, पण दर अलीकडच्या बिलाचेच धरा कारण ते बदलत असतात.

खरं बिल आल्यावर दहा-वीस-चाळीस रुपयांचा फरक पडेल. माझं मत विचाराल तर तो फरक दोघांनी सोडून द्यावा आणि तसं कागदावर लिहावं. नंतर बिल आल्यावर फरक पाठवू असं ठेवलं की हिशोब उघडाच राहतो आणि आपण सुरुवातीला होतो तिथेच परत येतो.

"मी तर मधे आठ दिवस गावी होतो, माझे कमी करा" हे शेवटच्या दिवशी मान्य करू नका, स्वतः म्हणू पण नका. महिना चालू असतानाच ठरलं असेल तर ठीक. एखाद्याने स्वतःच्या खोलीत एसी लावला असेल किंवा तो रोज इंडक्शनवर स्वयंपाक करत असेल तर ते वेगळं, पण तेही आधीच ठरवून लिहायचं असतं.

## टप्पा ५: देणं-घेणं एका कागदावर समोरासमोर मांडा

भाडं वेगळं, लाईट वेगळी, डिपॉझिट वेगळं असे तीन व्यवहार करू नका. सगळं एकत्र आणून एकच शेवटची रक्कम काढा.

सामायिक वस्तूंचं पण इथेच मिटवा. उदाहरणात तिघांनी मागच्या उन्हाळ्यात ६००० चा लोखंडी कूलर घेतला होता, प्रत्येकी २०००. आता निम्मी किंमत धरायची असं ठरलं, म्हणून जाणाऱ्याला १००० मिळणार आणि कूलर रूमवर राहणार. किंमत काय धरायची याचा नियम नाही, पण आकडा ठरत नसेल तर बाजारात जुना कूलर कितीला जातो ते दुकानात विचारून या, विषय दहा मिनिटांत संपतो.

जाणाऱ्याला मिळायचे:
- डिपॉझिटचा वाटा ६०००
- कूलर १०००
- एकूण ७०००

जाणाऱ्याने द्यायचे:
- मेचं भाडं ३००० (दिलं नसेल तर)
- १० एप्रिल ते १० मेच्या बिलाचा वाटा ८८०
- १० ते २४ मेची लाईट ४६२
- एकूण ४३४२

७००० वजा ४३४२, म्हणजे जाणाऱ्याच्या हातात २६५८.

तपासा: मेचं भाडं मालकाला खरंच गेलंय का? जाणाऱ्याने आपले ३००० नाववाल्याला दिले म्हणजे मालकाला पोचले असं होत नाही. मालकाचा "मिळाले" असा मेसेज किंवा बँकेतली नोंद बघा. आणि बिल भरल्यावर फक्त भरल्याच्या स्क्रीनशॉटवर जाऊ नका, व्यवहार पेंडिंगमध्ये अडकलेला असू शकतो, दोन-तीन दिवसांनी महावितरणच्या साईटवर किंवा अ‍ॅपमध्ये ग्राहक क्रमांक टाकून बाकी शून्य झालीय का ते पाहा.

## टप्पा ६: हे २६५८ नक्की कुठून येणार ते ठरवा

कागदावर ६००० दिसतात पण ते मालकाच्या खिशात आहेत आणि करार चालू असताना मालक एकट्याचे सुटे करून देत नाही. म्हणून पैसे कुठून तरी फिरवावे लागतात आणि इथे दोन उलट्या चुका होतात.

पहिली, नवा माणूस ६००० थेट जाणाऱ्याला देतो. जाणारा ते घेऊन गाडीत बसतो आणि त्याचे ४३४२ मागायला राहणारे मागे फिरतात. वर नव्या माणसाकडे पावती नसते, उद्या तो निघाला तर "तू आम्हाला कुठे दिलेस" असं ऐकून घ्यायची पाळी येते. दुसरी चूक, "नवा आला की देऊ" असं म्हणून जाणाऱ्याला लटकवून ठेवतात, आणि नवा येतो ऑगस्टमध्ये. नवा माणूस शोधणं ही जाणाऱ्याची जबाबदारी आहे का हे आधी ठरलं नसेल, तर नोटीस पाळून निघालेल्याचे पैसे त्यावर अडवू नका.

बरोबर रस्ता असा. नव्याने ६००० नाववाल्याला द्यायचे आणि नाववाल्याने त्याला पावती द्यायची, "मालकाकडच्या १८००० पैकी जाणाऱ्याचा ६००० चा वाटा आता याचा". नाववाला त्यातले ४३४२ ठेवून घेतो, त्यातून मेचं भाडं आणि लाईटचे पैसे जिथल्या तिथे जातात, उरलेले १६५८ जाणाऱ्याला. कूलरचे १००० नाववाला आणि तिसरा पाचशे-पाचशे देतात. १६५८ आणि १००० मिळून २६५८, आकडा जुळला. नवा अजून मिळालाच नसेल तर नाववाला आणि तिसरा आपल्या खिशातून देतात, आणि डिपॉझिटचा तो वाटा कागदावर त्यांच्या नावावर येतो. एकदम जमत नसेल तर तारीख घालून दोन हप्ते करा, पण तारीख घाला.

रोख पावती ५००० च्या वरची असेल तर त्यावर १ रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट लावून त्यावर सही घ्या. शक्यतो यूपीआयनेच द्या आणि रिमार्कमध्ये "डिपॉझिट वाटा" लिहा, रिकामा रिमार्क किंवा नुसता हसरा चेहरा टाकून पाठवलेले पैसे कशाचे होते ते वर्षभराने कुणालाच आठवत नाही.

## टप्पा ७: खोली दाखवा, चाव्या द्या

सामान बाहेर गेल्यावर, रिकाम्या खोलीत, भिंती, खिडकी, बाथरूमचे नळ, स्विचबोर्ड, दाराचं कुलूप यांचे फोटो काढून ग्रुपवर टाका. खिळ्याचं भोक किंवा तुटलेला स्विच तुमचा असेल तर तिथेच कबूल करून पन्नास-शंभर मिटवून टाका. फोटोचा उपयोग पुढे होतो, मालक सहा महिन्यांनी काही कापायला लागला तर ते कुणाच्या काळातलं ते दिसतं. चाव्या किती दिल्या तो आकडा कागदावर यायला हवा, मेन गेटची आणि गाडीच्या पार्किंगची चावी हमखास विसरली जाते.

## टप्पा ८: कागद, पैसे, सह्या, याच क्रमाने

साधा कागद चालतो. हातात पेन घेऊन दोन प्रती लिहा, एकच प्रत करून फोटो काढू असं करू नका. कागद आधी लिहून तयार, मग पैसे पाठवायचे, मग समोरच्याच्या मोबाईलवर पैसे आल्याचं बघायचं, यूटीआर नंबर कागदावर टाकायचा, आणि त्यानंतर सह्या. "सही कर, संध्याकाळी टाकतो" याला नाही म्हणा. मजकूर असा ठेवता येईल:

> दिनांक २४ मे. (पूर्ण पत्ता) या फ्लॅटमधून (जाणाऱ्याचं नाव) आज निघत आहे.
> १. भाडं ३१ मे पर्यंतचं पूर्ण धरलं. त्यापुढचं भाडं त्याच्याकडे नाही.
> २. मीटर क्रमांक ____, आजचं रिडींग ४३३६. आजपर्यंतची लाईट ८८० + ४६२ धरून पूर्ण. जूनच्या बिलात कमी-जास्त झालं तर कुणी कुणाकडे मागायचं नाही.
> ३. डिपॉझिटचा ६००० चा वाटा (नव्याचं नाव) याच्याकडे गेला. मालकाकडून तो मागायचा हक्क आता जाणाऱ्याचा नाही.
> ४. कूलरचे १००० दिले, कूलर रूमवर राहील.
> ५. सगळं वजा जाता २६५८ मिळाले. नाववाल्याकडून २१५८, यूटीआर ____. तिसऱ्याकडून ५००, यूटीआर ____.
> ६. चाव्या ____ परत मिळाल्या. खोली बघितली, आजच्या फोटोप्रमाणे ठीक.
> ७. आजनंतर मालकाने काही कापलं तर ते राहणाऱ्यांचं.
> सह्या: जाणारा, नाववाला, तिसरा, नवा

सातवा मुद्दा राहणाऱ्यांना टोचतो. कलरचे पैसे शेवटी मालक कापणारच आहे हे माहीत असेल तर जाणाऱ्याचा वाटा आत्ताच ठरवून हिशोबात टाका, पण जबाबदारी उघडी ठेवू नका. "पुढे जे काही निघेल त्यात वाटा" असं लिहिलेल्या कागदावर जाणाऱ्याने सही करू नये.

आणि पैसे खात्यात दिसायच्या आधी "पूर्ण हिशोब मिळाला, काही येणं नाही" असं कुठेही, अगदी मेसेजमध्येसुद्धा, लिहू नका.

## सही झाल्यावर राहिलेलं

जाणाऱ्याचं नाव करारावर असेल तर आपसातल्या कागदाने मालकाच्या लेखी तो सुटत नाही. मालकाकडून "हे ३१ मे पासून राहत नाहीत, यांच्याकडे काही बाकी नाही" एवढं तरी लेखी घ्या, आणि राहणाऱ्यांनी नव्याच्या नावासकट नवा करार करून घ्या. भाडेकरार लेखी आणि नोंदणी केलेला असायला हवा आणि ती जबाबदारी कायद्याने मालकाची आहे, हे काकांना नम्रपणे आठवण करून द्यायला हरकत नाही. पोलीस स्टेशनला भाडेकरूंची माहिती दिली असेल तर तीही मालकाला बदलायला सांगा.

नाववालाच सोडून चालला असेल तर वरचं पुरत नाही. त्याच्या नावावरचा करार तसाच ठेवून मागचे राहत राहिले तर भाडं थकलं की मालक त्यालाच धरणार, आणि राहणाऱ्यांकडे मालकाशी जोडणारा कागदच नाही. तिथे मालकाला समोर बसवून जुना करार बंद, नवा चालू, आणि १८००० जुन्यातून नव्यात वळते केले असं मालकाच्या सहीने लिहून घ्या. हे होईपर्यंत नाववाल्याने चाव्या सोडू नयेत.

ठरलेल्या तारखेला पैसे आले नाहीत तर फोनवर भांडत बसू नका. आकडा, कशाचे, आणि कुठल्या तारखेपर्यंत हवेत असं एका मेसेजमध्ये लिहा, आणि तेच स्पीड पोस्टाने त्याच्या घरच्या पत्त्यावर पाठवा. अशा येण्याचा दावा करायला साधारण तीन वर्षांची मुदत असते, पण दोन-तीन हजारांसाठी कोर्टात कुणी जात नाही, बऱ्याच वेळा घरच्या पत्त्यावर असं पत्र गेलं की पैसे येतात. राहणाऱ्यांनीही बाकी राहिली म्हणून जाणाऱ्याच्या मार्कशीट, गाडी किंवा बॅग अडवून ठेवू नये, त्याने पोलीस स्टेशन गाठलं तर बाकी राहते बाजूला आणि जबाब तुम्हालाच द्यावा लागतो.